आंधळा डबा

खोटं बोलायला छाती लागते म्हणतात. साफ चूक आहे. छाती लागते खरं बोलायला. खोट्याला फक्त थोडा उशीर पुरतो. लालसिंगचं खोटं असंच उशिरानं सुरू झालं. दिवेलागणीला लिहायची चिठ्ठी त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिली, एवढंच.

लालसिंग जवळच्या बंजारा तांड्यात राहायचा आणि पुसदच्या कापूसबाजारात मापाडी होता. गाड्या काट्यावर यायच्या, तो वजन ओरडायचा, अडत्याचा मुनीम लिहून घ्यायचा. अडत्याच्या दुकानात एक काळी पाटी होती. तिच्यावर रोज सकाळी मुंबईहून आलेल्या तारेतला अमेरिकेचा कापसाचा भाव खडूनं लिहिला जायचा. तिकडे न्यूयॉर्कला बाजार बंद होताना जो भाव असेल, तो. अडत्याला त्या भावाचं काम असेल-नसेल, पण बाजारातल्या अर्ध्या माणसांची नजर त्याच्या शेपटावर असायची. भावातला शेवटचा आकडा. शून्यापासून नवापर्यंत जो असेल तो. आदल्या संध्याकाळी पानाच्या ठेल्यावर रुपया लावायचा. आपला आकडा आला तर नऊ रुपये हातात, नाही आला तर रुपया गेला. हमाल लावत, गाडीवान लावत, शिकलेसवरलेले वकीलही नोकराच्या हातून लावत. पोलिसाला ठाऊक होतं आणि पोलिसाचं पान फुकट होतं.

लालसिंगनंही लावलं होतं, आणि एका पावसाळ्यात घरातली शेळी घालवली होती. बायकोनं, बिजलीबाईनं, तेव्हा त्याला सेवालाल महाराजांच्या झेंड्याखाली उभं करून शपथ घातली. तीन वर्षं त्यानं पान खायचंसुद्धा सोडलं, कारण पान ठेल्यावरच मिळायचं.

पण पाटी समोरच असायची. डोळे काही शपथ घेत नाहीत.

बघता बघता त्याला वाटायला लागलं, की यात काही चाल आहे. एखादा आकडा पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवत नाही, मग येतोच. त्याला तो 'उपाशी आकडा' म्हणायचा. आणि काल जो आला त्याचा शेजारी, म्हणजे एक वरचा नाहीतर एक खालचा, तोही बरेचदा येतो असं त्याच्या डोक्यात बसलं. म्हणून त्याचा डाव ठरला: सगळ्यात उपाशी दोन आकडे, आणि तिसरा शेजारी, वरचा की खालचा, ते त्या दिवशी मन सांगेल तसं.

हे त्यानं वामनराव मास्तरला सांगितलं. वामनराव मूळचा मारेगावकडचा, कुणब्याचा, तांड्याच्या शाळेवर नेमलेला. जातीपातीचा विचार न करता लालसिंगच्या ओसरीवर बसून चहा पिणारा हा एकच मास्तर तांड्यानं पाहिला होता.

"चाल असंल तं कागदावर बी चाललीच पायजे," मास्तर म्हणाला. "पैशाचं काय काम? चाळीस दिवस कागदावर खेळ."

"कागदावर खेळून काय भेटते मास्तर? कागद चावते काय?"

"चावत नाई म्हणूनच तं. आंधी तुले शेळी चावली होती."

बिजलीबाई आत भाकरी थापत होती, ती फसकन हसली. मास्तरनं नियम घातले. रोज दिवेलागणीच्या आत तीन आकड्यांची चिठ्ठी लिहून डब्यात टाकायची. जी चिठ्ठी वेळेवर डब्यात नाही, ती रिकामी गेली असं धरायचं, मग कारण काही असो. एकही दिवस गाळायचा नाही. अमेरिकेत सुट्टी असली, भावच आला नाही, तरच तो दिवस धरायचा नाही. आणि चाळीस दिवस सुरुवातीपासूनचे चाळीस. मधून उचललेले नाहीत.

"आता ऐक," मास्तर म्हणाला. "दहात तीन आकडे म्हंजे काहीबी डोकं न चालवता चाळीसात बारा वेळा लागतीलच. चौदा लागले तं फक्त आपला पैसा आपल्याले परत. नुकसान नाई, फायदा बी नावाचाच. अठरा लागले तं मी म्हणीन, लालसिंग, तुह्या डोक्यात काहीतरी हाय. तरी बी आणखी चाळीस दिवस कागदावरच खेळ म्हणीन."

"अन् सतरा लागले तं?"

"तं डबा चुलीत."

मास्तरनं आणखी एक गंमत केली. दहा चिंचोके आणले, त्यांच्यावर सुरीनं आकडे कोरले आणि बिजलीबाईच्या हाती दिले. रोज लालसिंग चिठ्ठी लिहील तेव्हा तिनं डोळे मिटून थैलीतून तीन चिंचोके काढायचे, तेही एका चिठ्ठीवर उतरायचे आणि वेगळ्या डब्यात पडायचे. तो आंधळा डबा.

"हे कायले?" बिजलीबाईनं विचारलं.

"ह्याची अक्कल अन् तुमचे मिटलेले डोये, दोघांची शर्यत. हा तुमच्यापेक्षा फार पुढं गेला तं समजायचं, खरंच चाल हाय."

"मंग मीच जितीन," ती म्हणाली. तिला ते खेळासारखं वाटलं. संध्याकाळी दिवा लावला, की तिची थैली खुळखुळायची.

दिवाळीनंतर डबे सुरू झाले. पहिले तीन आठवडे लालसिंगनं नियम देवासारखा पाळला. मग मास्तरला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे घेऊन तो मारेगावला आपल्या आईकडे गेला, आणि डब्याजवळ लालसिंग एकटा उरला.

एका बाजाराच्या दिवशी गाड्या संपता संपेनात. लालसिंग घरी आला तेव्हा दिवे लागून बराच वेळ झाला होता. बिजलीबाईनं आपले चिंचोके काढून ठेवले होते. त्याची चिठ्ठी राहिली. सकाळी पाटीवर सात आला. आदल्या दिवशीचा होता सहा. उपाशी दोन आकडे वेगळे होते, पण शेजारी? वरचा शेजारी सात. 'मी वरचाच धरणार होतो,' असं त्याला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. असं मनापासून वाटणं हीच यातली घाण आहे. खालचा, म्हणजे पाच आला असता, तर तेही तितकंच मनापासून वाटलं असतं. त्यानं काट्यामागे बसून चिठ्ठी लिहिली आणि घरी आल्यावर डब्यात सारली.

असं आणखी दोनदा झालं. उशिराच्या तिन्ही चिठ्ठ्या लागल्या. उशिराची चिठ्ठी हरत नसते.

मग एकदा तार पुसट आली. मुनीम म्हणाला तीन. ठेल्यावर आठ धरून पैसे वाटले गेले. लालसिंगच्या चिठ्ठीवर तीन होता. 'मुनीम लिहिता-वाचता माणूस, तो कायले चुकंल?' असं म्हणून त्यानं ती लागलेल्यांत धरली. आणि मग तो आठवडा आला. पाच दिवस, पाच चिठ्ठ्या, एकही लागली नाही. त्या आठवड्यात त्याला बारीक ताप होता. तापात माणसाचं मन नीट सांगत नाही. म्हणून त्यानं त्या पाच चिठ्ठ्या बाजूला काढून कोनाड्यात ठेवल्या, आणि शेवटी पाच दिवस वाढवून घेतले. वाढवलेल्या पाचात तीन लागल्या.

या सगळ्यात कुठंही त्यानं 'मी आता फसवतो' असं ठरवलं नव्हतं. दर वेळी कारण होतं, आणि दर वेळी ते कारण त्याच्याच बाजूचं होतं. काट्यावर तो कुणाला मूठभर सरकी खाऊ देत नसे. पारडं एका बाजूला कललेलं त्याला दहा हातांवरून दिसायचं. पण स्वतःच्या ओसरीत कललेलं त्याला दिसलं नाही. किंवा दिसलं आणि त्यानं मान फिरवली.

"किती?" बिजलीबाईनं विचारलं.

"एकोणीस."

"मास्तर अठरा म्हणे ना?"

"व्हय."

"अन् माह्या डब्यात किती?"

"तुह्या डब्यात काय असंल, चिंचोके," तो म्हणाला, आणि तिचा डबा त्यानं उघडलाच नाही.

ती उठली. गळ्यातली चांदीची हसळी काढली, पायातले तोडे काढले, ओढणीत बांधले आणि त्याच्यासमोर ठेवले. "शपथ म्या घातली, मीच सोडवते," ती म्हणाली. "कागदावर जिंकलं ना तुमी? खोटं तं नाई ना?"

हा क्षण होता. इथं खरा आकडा, 'बारा', म्हणायला जीभ हलवली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. लालसिंग म्हणाला, "खोटं कायले सांगीन?"

सकाळी तिनं निखाऱ्यावर तूप-गुळाचा भोग लावला. धूर तिच्या उघड्या गळ्याभोवती फिरला. लालसिंग हात जोडून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांपुढे कोनाड्यातल्या पाच चिठ्ठ्या होत्या.

सोनारानं चांदी गहाण ठेवून एकशेवीस रुपये दिले. लालसिंग रोज तीन आकड्यांवर पाच-पाच रुपये लावू लागला. रोज पंधरा जायचे. लागला तर पंचेचाळीस यायचे. आणि, नशिबाचा हरामीपणा बघा, तो जिंकायला लागला. पहिल्याच पंधरा दिवसांत आठ वेळा लागला. चांदी सोडवून आणली, वर पैसेही उरले.

खोट्या कागदावर खेळलेला माणूस खऱ्या पैशात हरला असता तर त्याला बरं वाटलं असतं. शिक्षा झाली, प्रकरण मिटलं. लालसिंगचं उलटं झालं. जिंकलेला प्रत्येक रुपया त्याला हातात गार लागायचा. त्याला माहीत होतं, चाळीस दिवसांत बारा लागले म्हणजे चाल नव्हतीच. पंधरा दिवसांत आठ लागले म्हणजे ती चाल नव्हे, नशिबाचा झोका होता. झोका येतो तसा जातो.

बिजलीबाईनं हसळी घातली, तोडे घातले आणि पाण्याला गेली. तांड्यात कागद कुणी पाहिला नव्हता. चांदी सगळ्यांनी पाहिली. गोरमाटी, म्हणजे बंजारा, बाईच्या अंगावरची चांदी उतरली, की तांड्याला कळतं घरात काय चाललंय. आणि उतरलेली चांदी महिन्याच्या आत परत अंगावर चढली, हे तर कुणी जन्मात पाहिलं नव्हतं. विहिरीवर बायकांनी बिजलीबाईला घेरलं.

"काय गं, सोनारच घरात घातला काय?"

"माह्या नवऱ्यानं हिशेब लावला अमेरिकेचा. चाळीस दिवस कागदावर पयले खेळला. मास्तर सांगून गेलता, अठरा लागले तं पक्कं. याले एकोणीस लागले," बिजलीबाईच म्हणाली. तिला अभिमान वाटत होता. शेळी घालवणारा नवरा नियमानं वागला याचा अभिमान.

त्याच आठवड्यात वामनराव परत आला. वाळून काठी झाला होता. ओसरीवर बसला आणि पहिलं हेच विचारलं, "डबा?"

"एकोणीस," बिजलीबाईनंच सांगून टाकलं.

मास्तर लालसिंगकडे बघत राहिला. मग हसला. "मले वाटलं होतं बारा-तेरा लागतील. हरलो बाप्पा मी. नियम सगळे पाळले ना लालसिंग?"

"पाळले."

"मंग हरलो," मास्तर म्हणाला, आणि डबा बघायलासुद्धा मागितला नाही. मित्राचा शब्द डब्यापेक्षा मोठा धरणारी माणसं असतात. त्यांच्यामुळेच फसवणाऱ्यांचं भागतं. "तरी बी आणखी चाळीस दिवस कागदावर खेळला असतास तं बरं होतं. एक चाळीसा म्हंजे काही जास्त नाई."

लालसिंगला रात्रभर झोप आली नाही. पण सकाळी तो ठेल्यावर गेला, कारण न जाणंही सांगावं लागलं असतं.

दोन दिवसांनी जमनाबाई आली. लालसिंगच्या मेलेल्या मोठ्या भावाची बायको. नवरा गेल्यावर तिनं केसांतले सवाष्णीचे दागिने, टोपल्या-घुगऱ्या, उतरवले ते उतरवले. पण चांदी विकली नव्हती, गाडग्यात घालून पुरून ठेवली होती. तिला म्हैस घ्यायची होती. पुसदच्या हॉटेलांना दूध घालायचं, लोकांच्या शेतात कापूस वेचणं बंद करायचं, हे तिचं ठरलेलं होतं. नांदेडकडचा व्यापारी होळीनंतर म्हशी घेऊन यायचा होता. चांदीत म्हशीला पन्नास-साठ रुपये कमी पडत होते.

तिनं गाठोडं सोडलं. दंडातल्या वांक्या, कमरपट्टा, टोपल्या. हातात घेतल्यावर जड लागावी अशी चांदी.

"लाला, साठ रुपये कमी हायत. तुह्या हिशेबानं वाढवून दे. तुह्या भावाची हाय ही."

"भोजाई, नको," लालसिंग म्हणाला.

"काहून नको?"

"जुगार हाय तो."

"तुह्या बायकोचा गळा भरला तेव्हा हिशेब होता, अन् माह्या गाठोड्याले जुगार?"

लालसिंगनं तोंड उघडलं. बिजलीबाई दारात उभी होती, गळ्यात हसळी. तिच्या नजरेला नजर मिळाली आणि शब्द आत गेले. "पाहू," एवढंच तो म्हणाला. जमनाबाई गाठोडं बांधून निघून गेली, पण 'नाही' ऐकून गेली नाही. 'पाहू' ऐकून गेली.

पुढच्या अमावास्येला तांडा नायकाच्या, तांड्याच्या प्रमुखाच्या, दारी जमला, एका सोयरिकीच्या बोलणीसाठी. बोलणी झाली, बाया-माणसं बसलेली होती. लालसिंग उठला. त्यानं दोन्ही हात जोडले.

"मले एक सांगायचं हाय. माह्या कागदावर एकोणीस लागले म्हणून म्या सांगतलं. खोटं हाय. बाराच लागले. तीन चिठ्ठ्या म्या आकडा पाहून लिहिल्या. एक दुसऱ्याची चूक माह्या फायद्यात धरली. पाच दिवस गाळले, तेच्या जागी दुसरे पाच घातले, त्यात तीन लागले. चाल-बील काही नाई. कोणी पैसा लावू नका."

शंकरसिंग, नायकाचा चुलतभाऊ, मांडीवर थाप मारून हसला.

"कागद खोटा व्हय? अन् पैसा? पैसा बी खोटा आला काय बे? बिजलीच्या गळ्यात पितळ हाय काय?"

"पैसा नशिबानं आला. पंधरा दिवसांचं नशीब."

"आमालेबी पंधरा दिवस दे मंग!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले.

"कवड्या खेळता ना तुमी?" लालसिंग म्हणाला. "चार डाव एकामागं एक जितता का नाई कधी? मंग पाचव्याले सगळं घर लावता काय?"

"पोट भरलं की माणूस ताट झाकते," एक म्हातारी पुटपुटली. "गावानं लावलं तं ठेलेवाला बंद करंल, म्हणून हे सांगून राह्यला."

लालसिंगनं मास्तरकडे पाहिलं. मास्तर पडवीच्या खांबाला टेकून बसला होता. तो उठला आणि शाळेच्या दिशेनं चालू लागला. मास्तरनं शिव्या द्यायला पाहिजे होत्या. तो फक्त गेला.

आणि बिजलीबाई? तिनं मान खाली घातली होती. अंगावरची चांदी तिनं दोन्ही हातांनी ओढणीखाली झाकली होती.

घरी गेल्यावर ती एकच बोलली, "म्या विचारलं होतं. खोटं तं नाई ना म्हणून. भोग लावायच्या आंधी विचारलं होतं."

त्या दिवसापासून लालसिंगनं लावणं सोडलं. ते लोकांना आणखीच संशयाचं वाटलं. शंकरसिंगला चाल तोंडपाठ होती. उपाशी दोन, शेजारी एक, यात शिकायचं काय होतं? तो तांड्याचा आकडेबहाद्दर झाला. जमनाबाईनं वाट पाहिली, पाहिली, आणि गाठोडं शंकरसिंगच्या हाती दिलं. लालसिंगला ते काट्यावर कळलं. तो तसाच हातातलं वजन टाकून धावत गेला, पण सोनाराच्या दुकानातून शंकरसिंग बाहेर पडत होता.

"शंकर, भोजाईचे पैसे मले दे. म्हशीचे हायत ते."

"तुह्या मनात काय हाय मले ठाव हाय. तुह्यावानी मी एकट्यानं खाणारा नाई."

शंकरसिंग दहा-दहा रुपये लावायचा. पहिले दोन दिवस आकडे लागले. मग बंद झालं. एक दिवस, दोन दिवस, सारा आठवडा. तीन आकड्यांवर असे नऊ-दहा दिवस कोरडे जाणं काही नवल नाही, चिंचोक्यांनाही जातात. पण शंकरसिंगनं कोरडं गेलं तसं वाढवत नेलं. "आकडा उपाशी हाय, आता येतेच," तो म्हणायचा, आणि वीस लावायचा, मग चाळीस. आकड्याला काल काय आलं याची आठवण नसते. आठवण माणसाला असते, म्हणून माणूस बुडतो. होळीच्या आधी जमनाबाईचं सगळं गेलं. शंकरसिंगनं ते सांगितलं नाही. "अडकले हायत, निघतील," म्हणाला, आणि आणखी चार घरांतली चांदी उतरू लागली.

म्हशीवाला व्यापारी येऊन गेला. त्या दुपारी जमनाबाई लालसिंगच्या ओसरीवर आली. बसली. हात रिकामे होते.

"वाच," ती म्हणाली.

"काय भोजाई?"

"तुहे कागद. पयल्या दिवसापासून. एकबी सोडू नको. तू त्या दिवशी सांगून राह्यला होता, म्या आयकलं नाई. आता आयकते."

लालसिंगनं डबा काढला. कोनाड्यातल्या पाच चिठ्ठ्याही काढल्या आणि त्यांच्या जागी लावल्या. एकेक चिठ्ठी वाचू लागला: आकडे, मग पाटीवर काय आलं ते. लागला की जमनाबाई तुरीचा एक दाणा जमिनीवर ठेवायची. उशिराच्या चिठ्ठीला तो थांबायचा. "ही वेळेवर नव्हती." ती दाणा ठेवायची नाही. पुसट तारेच्या चिठ्ठीला थांबला. "ठेल्यावर आठ होता." दाणा नाही. कोनाड्यातल्या पाच. दाणा नाही, पाचही वेळा. आतून बिजलीबाईचा तांब्या पडल्याचा आवाज आला.

चाळीस झाले. वाढवलेले पाच दिवस धरायचे नव्हते. दाणे मोजायची गरज नव्हती, तरी जमनाबाईनं मोजले.

"बारा."

"बारा."

"अन् बिजलीचा डबा?"

लालसिंगनं तो कधीच उघडला नव्हता. झाकण गंजानं बसलं होतं, त्यानं दगडानं ठोकून उघडलं. बिजलीबाईच्या मिटल्या डोळ्यांचे पहिले चाळीस कागद. तो वाचत गेला, जमनाबाई दुसरी रांग लावत गेली. दुसरी रांग पहिलीच्या शेवटापर्यंत आली, आणि मग एक दाणा पुढं सरकली.

तेरा.

जमनाबाई त्या एका जास्तीच्या दाण्याकडे बघत राहिली. "डोये मिटून एक जास्त," ती म्हणाली. "हा डबा त्या दिवशी उघडला असता, तं माही म्हैस दारात असती ना लाला?"

लालसिंगनं 'व्हय' म्हटलं.

बिजलीबाई बाहेर आली. बसली. गळ्यातली हसळी काढली, मग पाय पुढं करून तोडे ओढून काढले. एक निघेना, थुंकी लावून काढला. सगळं तिनं जमनाबाईच्या पदरात बांधलं.

"एवढ्यात म्हैस येत नाई," जमनाबाई म्हणाली.

"पारडी येईल. पारडीची म्हैस होते."

"हे तू देऊन राह्यली बिजली." जमनाबाई उठली, गाठ घट्ट केली. "यानं काय देल्लं?"

आणि ती उत्तराची वाट न पाहता निघून गेली.

दुसऱ्या सकाळी बिजलीबाई घागर घेऊन विहिरीवर गेली. गळा मोकळा, पाय मोकळे. पाणी ओढणाऱ्या बायांचे हात थांबले. शंकरसिंगकडे निघालेली एक बाई, पदरात घुगऱ्या बांधलेली, तिच्या गळ्याकडे पाहत उभी राहिली आणि मग तशीच घराकडे वळली. दुपारपर्यंत तांड्यातल्या एकाही घरातून शंकरसिंगकडे चांदी गेली नाही. सांजेला बाया त्याच्या दारात जाऊन आपली गाठोडी परत मागत होत्या, आणि तो आत लपला होता.

नायकाच्या दारात हात जोडून लालसिंगनं जे सांगितलं ते कुणी ऐकलं नव्हतं. बिजलीबाईनं एक शब्द न बोलता सांगितलेलं सगळ्यांनी ऐकलं. लालसिंग ओसरीवर बसून हे बघत होता. तिच्या गळ्यावर हसळीचा पांढरा पट्टा उठला होता, उन्हानं न रापलेला. तो पट्टा ती रोज घेऊन फिरणार होती, आणि तो रोज बघणार होता.

दिवा लावायची वेळ झाली. आत, सवयीनं, थैली एकदा खुळखुळली. आणि बिजलीबाईनं चिंचोके चुलीत ओतले.